मागून डिपर मारणारा आणि पुढची उसाची ट्रॉली

गेल्या महिन्यात एक नेहमीचे रुग्ण पत्नीसह दवाखान्यात आले. वय ६१, रक्तदाबाची गोळी गेली आठ वर्षं चालू. दर वेळी १३०-१३५ च्या आसपास असणारा वरचा आकडा त्या दिवशी १६८ होता. "काका, गोळी चुकली का?" असं विचारलं तर काकूंनीच उत्तर दिलं, "गोळी नाही चुकली डॉक्टर, काल रात्री यांचं डोकं फिरलं होतं. झोपच नाही लागली."

झालं होतं ते असं. दोघं साताऱ्याहून पुण्याला परतत होते. रात्रीचे साडेनऊ, काका उजव्या लेनमध्ये ताशी ८० च्या वेगाने. मागून एक मोठी गाडी आली, अगदी खेटून चालू लागली आणि अप्पर-डिपर सुरू झालं. काकांचं म्हणणं, "मी नियमात चाललो होतो. मी का सरकू?" ते सरकले नाहीत. नंतर "जरा धडा शिकवू" म्हणून त्यांनी दोनदा ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. तिसऱ्या वेळी आरशातल्या त्या दिव्यांकडे रागाने बघत असतानाच काकू ओरडल्या. पुढे उसाची ट्रॉली होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. काकांनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि सगळे वाचले, तो माणूससुद्धा.

काका तासभर त्या मागच्या माणसाबद्दलच बोलत होते. मला मात्र त्या गोष्टीत ट्रॉलीच महत्त्वाची वाटते. ताशी ८० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. आरशाकडे दोन सेकंद डोळे वटारले की गाडी ४४ मीटर पुढे जाते, आणि तेवढा रस्ता आपण पाहिलेलाच नसतो. मागून त्रास देणारा धोकादायक असतोच, पण आपण बहुतेक वेळा आदळतो ते पुढच्यावर.

शरीरात त्या वेळी दोन गोष्टी घडतात. पहिली डोळ्यांत. झगझगीत उजेड पडला की बाहुली चटकन आकसते, पण पुन्हा मोठी व्हायला वेळ लावते. अंधारात बघण्यासाठी पडद्यावरच्या ज्या पेशी तयार झालेल्या असतात, त्यांनाही सावरायला वेळ लागतो. तरुणपणी हे काही सेकंदांत निभावतं, साठीनंतर जास्त वेळ लागतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर उजेड डोळ्यात फाकतो आणि प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसतं. दुसरी गोष्ट रागाची. ॲड्रेनालिन वाढतं, नाडी पळू लागते, हातांची पकड घट्ट होते आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. समोर वाघ असेल तर हे उपयोगी आहे. पण रस्त्यावर ती 'एक गोष्ट' आरशात असते आणि बाकी सगळं काचेपलीकडे.

म्हणून पहिलं काम डोळे वाचवणं. आतल्या आरशाखाली एक छोटी खुंटी असते, ती बहुतेकांनी कधी वापरलेलीच नसते. ती ओढली की आरसा जरा तिरका होतो; मागचे दिवे मंद दिसतात, पण गाडी कुठे आहे ते कळत राहतं. (काही नव्या गाड्यांत आरसा आपोआप मंद होतो, तिथे खुंटी नसते.) बाजूच्या आरशातून उजेड डोळ्यांवर येत असेल तर डोकं किंचित हलवा आणि नजर पुढच्या रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा.

दुसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते फारसं कुणी सांगत नाही. मागच्याने किती अंतर ठेवावं हे आपल्या हातात नाही, पुढच्या गाडीपासूनचं अंतर मात्र आहे. समजा तो सहा मीटरवर आहे. तुम्ही कचकन ब्रेक दाबला तर त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचेतो ते सहा मीटर जवळजवळ संपलेले असतात. म्हणून तुमच्यावर जोरात ब्रेक मारायची वेळच येऊ नये, एवढी जागा पुढे हवी. एरवी पुढच्या वाहनापासून दोन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर आता चार सेकंदांचं करा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात सावकाश 'एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस' म्हणा. तुम्ही त्याच्या आधी खांबाशी पोचलात तर अंतर कमी आहे. ते वाढवताना ब्रेक नको, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा. आणि घाबरून वेग वाढवू नका. तोही वाढवतो, आणि पुढची जागा तेवढी आटते.

मग बाजू द्या. उजवी लेन ओव्हरटेक करण्यासाठी आहे. ८० ने जाणं नियमात असलं तरी तिथे ठाण मांडून बसणं नियमात नाही, हे काकांना सांगताना मला जरा जड गेलं, पण सांगितलं. डावा इंडिकेटर लगेच लावा, डावीकडे जागा नसली तरी. 'कळलं, सरकतोय' एवढा निरोप गेला की पुष्कळदा डिपर थांबतो. 'तू जा' हे सांगायला काहीजण उजवा इंडिकेटर देतात. तसं करू नका, त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतोय' असाही होतो. डावीकडे जाण्यापूर्वी मात्र नीट बघा. रात्री तिथे बंद पडलेला ट्रक असतो, नाहीतर उलट दिशेने येणारी मोटारसायकल.

आपल्याकडे डिपर म्हणजे शिवी नव्हे, हेही ध्यानात घ्यावं. ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाईट' असं लिहून ती मागितलेलीच असते. कधी तुमची डिकी उघडी असते, कधी मागचा दिवा गेलेला असतो, कधी मागच्याच्या दिव्यांचा कोन बिघडलेला असतो आणि त्याला पत्ताही नसतो.

तो पुढे गेला की त्याच्या मागे लागू नका. नाडी अजून काही मिनिटं पळत राहणार. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून असे आठ-दहा श्वास पुरतात. तुम्ही बाजू देऊनही तो मागेच राहिला, किंवा पुढे जाऊन अडवू लागला, तर मात्र ही घाई नव्हे. तेव्हा अंधारात कडेला थांबू नका, काच खाली करू नका आणि घराकडेही वळू नका. दारं लॉक ठेवून माणसं आणि दिवे असलेल्या पेट्रोल पंपावर किंवा टोलनाक्यावर जा. शेजारी बसलेल्याला ११२ लावायला सांगा.

काकांचा रक्तदाब आठवड्याने १३४ झाला. गोळी बदलली नाही. "हल्ली सगळेच डोळ्यांत दिवे मारतात" हे त्यांचं वाक्य मात्र मला खटकलं होतं, म्हणून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे; तोवर रात्रीची गाडी काकू चालवणार आहेत, आणि आरशाची खुंटी कुठे असते ते त्यांना आधीपासून माहीत होतं.