पाचव्या मताची तिरपी रेघ
शाळेच्या निवडणुकीत मतपत्रिका एकेक करून वाचली जाते आणि फळ्यावर मत मिळालेल्या चिन्हापुढे एक उभी रेघ ओढली जाते. चार उभ्या रेघा झाल्या की पाचव्या मताची रेघ त्यांच्यावरून तिरपी ओढायची. गठ्ठा पुरा झाला. या ताळ्याच्या खुणा पाच, दहा, पंधरा अशा भराभर मोजता येतात. समजा पतंगाला तीन गठ्ठे व दोन रेघा, म्हणजे 17 मते. छत्रीला चार गठ्ठे व एक, म्हणजे 21. पुस्तकाला एक गठ्ठा व तीन, म्हणजे 8. बेरीज 46. बाद मतपत्रिका 2 धरल्या की 48, आणि पेटीतून निघालेल्या मतपत्रिकाही तितक्याच हव्यात. घाईत पाच उभ्या रेघा ओढून मग तिरपी मारली, तर सहा मतांचा गठ्ठा पाचाचा धरला जातो आणि बेरीज एकाने कमी भरते. ही चूक लगेच कळते. खरी फसवी चूक वेगळीच: पतंगाचे मत छत्रीपुढे पडले, तरी बेरीज 48च येते. ती पकडण्यासाठी मतपत्रिका चिन्हवार वेगळ्या लावून प्रत्येक ढीग दुसऱ्या कोणीतरी मोजावा आणि तो आकडा फळ्यावरच्या खुणांशी ताडून पाहावा.