पहिल्या वेलांटीपाशी अडलेले वाचन

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होते, तेव्हा तिसरीच्या अनेक वर्गांत दोन-चार मुले अशी आढळतात की ज्यांना मुळाक्षरे ओळखता येतात, बाराखडी तालासुरात म्हणता येते, पण ‘शेतात विहीर होती’ एवढे तीन शब्दांचे वाक्य वाचताना ती प्रत्येक अक्षरापाशी थांबतात आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरून गेलेली असतात. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असे उद्दिष्ट ठेवले असल्यामुळे अशा मुलांसाठी उपचारात्मक अध्यापनाचा, म्हणजे कच्चा राहिलेला नेमका भाग हेरून तेवढाच पुन्हा शिकवण्याचा, तास लावला जातो. परंतु त्या तासाला पुष्कळदा ‘अ’पासून मुळाक्षरे पुन्हा गिरवून घेतली जातात किंवा तिसरीचाच पाठ हळूहळू वाचून घेतला जातो. पहिल्या प्रकारात मुलाला जे येते तेच शिकवले जाते आणि दुसऱ्यात जे झेपत नाही ते पुढे ठेवले जाते. आठवड्याची आखणी पाठ्यक्रमावरून न करता मुलाच्या चुकांवरून करावी आणि त्या चुका कळाव्यात म्हणून सोमवारचा पहिला तास शिकवण्याऐवजी ऐकण्यासाठी राखून ठेवावा, असे या मासिकाचे आग्रहाचे मत आहे.

या ऐकण्यातून काय हाती लागते हे एका नमुना-उदाहरणावरून पाहता येईल. पुढील उतारा जोडाक्षरविरहित असून त्यात ३० शब्द आहेत: ‘मीना आजीबरोबर शेतात गेली. शेतात विहीर होती. विहिरीजवळ चिंचेचे झाड होते. झाडावर पोपट बसला होता. आजीने विळा काढला. मीनाने गवताची पेंढी बांधली. दुपारी आजी चिंचेखाली बसली. मीनाने तिला पाणी दिले.’ एका विद्यार्थिनीला तो वाचायला अडीच मिनिटे लागली आणि त्यात तिचे पाच शब्द चुकले असे समजू. म्हणजे अडीच मिनिटांत २५ शब्द बरोबर, मिनिटाला १०. हा आकडा नोंदवहीत लिहावा, पण त्यावरून शिकवायचे काय ते मुळीच कळत नाही. ते कळते चुकलेल्या शब्दांवरून. तिने ‘विहीर’ हा शब्द ‘वहीर’ असा वाचला, ‘विहिरीजवळ’पाशी ‘वहरी’ म्हणून ती थांबली, ‘चिंचेचे’चे ‘चेचेचे’ झाले, ‘दिले’चे ‘दले’ झाले आणि ‘पेंढी’ला ती ‘पेढी’ म्हणाली. ‘विळा’ आणि ‘तिला’ हे शब्द तिने अडखळून, स्वतःच दुरुस्त करून वाचले. ‘मीना’, ‘गेली’, ‘बांधली’ या शब्दांतील दुसरी वेलांटी मात्र तिला कुठेही नडली नाही.

पाचपैकी चार चुका पहिल्या, म्हणजे ऱ्हस्व, वेलांटीच्या आहेत आणि त्यामागे लिपीतलेच एक कारण आहे. देवनागरीत काना, दुसरी वेलांटी ही चिन्हे व्यंजनाच्या पुढे येतात, उकार खाली आणि मात्रा वर येते. पहिली वेलांटी तेवढी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण उच्चारली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे एकेक खूण लावत जाणाऱ्या मुलाच्या नजरेला ‘दिले’मध्ये आधी वेलांटी भेटते, तिचे काय करायचे ते न कळून ते मूल ती सोडून देते आणि ‘द’ वाचते, किंवा ती मागच्या अक्षराला चिकटवते. हेच मूल बाराखडीत ‘दि’ अचूक म्हणते, कारण तिथे ‘द, दा’ या तालानंतर ‘दि’ आपोआप तोंडात येते. त्यामुळे बाराखडी येते की नाही हे म्हणवून घेऊन तपासू नये. ‘मि’, ‘टि’, ‘चि’, ‘दि’ अशी अक्षरे सुट्या पत्त्यांवर, क्रम मोडून दाखवावीत. मूल उत्तर देण्याआधी ओठांतल्या ओठांत ‘च, चा, चि’ असे पुटपुटले, तर ते अक्षर अजून ओळखीचे झालेले नाही असे समजावे. अशी कच्ची अक्षरे तिसरीत सापडावीत यात मुलाच्या बुद्धीचा दोष मानण्याचे कारण नाही. कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातही दिसले आहे की, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे धरून शेकडो अक्षरे असलेल्या अशा लिप्यांमध्ये अक्षरांची ओळख पुरती पक्की व्हायला पहिली-दुसरी इयत्ता पुरत नाही.

म्हणून या विद्यार्थिनीच्या पहिल्या आठवड्याचा विषय पहिली वेलांटी एवढाच. रोज ३५ मिनिटे आणि साधारण सारखीच अडचण असलेली चार-पाच मुले, याहून मोठा गट केल्यास प्रत्येकाचे वाचन कानांवर पडत नाही. रोजची पहिली दहा मिनिटे अक्षर-शब्दांच्या कामाला द्यावीत. ‘दवा–दिवा’, ‘पता–पिता’, ‘टळा–टिळा’ अशा जोड्या फळ्यावर लिहून वेलांटी पुसली किंवा काढली की शब्द कसा पालटतो हे मुलांच्याच हातून करून घ्यावे आणि मग ‘किती’, ‘शिडी’, ‘चिमणी’, ‘खिडकी’, ‘पिवळा’ हे शब्द वाचायला द्यावेत. इथे बोटाने दाखवण्याची एक साधी युक्ती उपयोगी पडते: बोट वेलांटीवर न ठेवता वेलांटी आणि व्यंजन या दोहोंच्या खाली मिळून एकदाच ठेवावे, म्हणजे ‘दि’ ही एकच खूण आहे हे डोळ्यांना शिकवले जाते. एक खबरदारी मात्र घ्यावी. ‘विहीर’ या शब्दातील ‘ही’ दीर्घ असून ‘विहिरीजवळ’ या रूपात ती ऱ्हस्व होते, हा शुद्धलेखनाचा नियम आहे. वाचताना मुलाने तिथे ऱ्हस्वाचा दीर्घ केला तर ती वाचनाची चूक धरू नये.

मंगळवार-बुधवारी उताऱ्यातील लांब शब्द हाताळावेत. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जात असल्यामुळे ‘आजीबरोबर’, ‘विहिरीजवळ’, ‘चिंचेखाली’ असे शब्द साध्या वाक्यातही येतात आणि अक्षरे मोजत वाचणाऱ्या मुलाची त्यांच्यापाशी दमछाक होते. ‘बरोबर’, ‘जवळ’, ‘खाली’, ‘वर’ ही शेपटे वेगळ्या पट्ट्यांवर लिहून ‘आजी’, ‘झाडा’, ‘विहिरी’ या पट्ट्यांना लावून-काढून वाचली की सहा अक्षरांचा शब्द दोन तुकड्यांचा होतो. याच दिवसांत लपलेल्या ‘अ’कडेही लक्ष द्यावे लागते. ‘बसला’ हा शब्द लिहिताना ‘स’ पूर्ण लिहिला जातो, बोलताना मात्र त्यातील ‘अ’ गळतो. मूल ‘ब-स-ला’ असे सुटे, पूर्ण उच्चारून वाचते, तिन्ही अक्षरे बरोबर असतात आणि तरीही त्याला स्वतःच्या तोंडचा रोजचा शब्द ओळखू येत नाही. अशा वेळी पुन्हा अक्षरे लावायला न सांगता ‘आता हे आपण बोलतो तसे म्हण’ एवढेच सांगावे आणि मूल ‘बसला’ असे जोडून म्हणेपर्यंत थांबावे. ‘पेंढी’ची ‘पेढी’ करून मूल न अडखळता पुढे गेले, याचा अर्थही हाच की वाचलेले त्याने कानांनी तपासले नाही. गवताची पेढी कशी असेल, असा प्रश्न विचारला की ते स्वतः मागे वळून अनुस्वार शोधते.

गुरुवारचा तास पुनर्वाचनाचा. एकच छोटा उतारा ठरावीक गती येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचा आणि मगच नवा घ्यायचा, ही पद्धत अमेरिकी अभ्यासक एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ साली मांडली. लक्ष मर्यादित असते, ते अक्षरे उलगडण्यात खर्च झाले तर अर्थासाठी उरत नाही, हा त्यामागचा विचार होय. प्रत्येक नव्या उताऱ्याची पहिली गती आधीच्यापेक्षा थोडी वाढलेली असते आणि पुनर्वाचने कमी लागत जातात, असे त्यांना आढळले. वर्गात आधी शिक्षकाने उतारा बोलल्यासारखा वाचून दाखवावा, मग दोघांनी मिळून वाचावा, त्यानंतर मुलाने एकट्याने तीनदा वाचावा. अडलेल्या शब्दापाशी चार-पाच सेकंद वाट पाहून शब्द सांगून टाकावा, कारण तिथे ताटकळल्याने वाक्याचा धागा तुटतो. सगळ्या गटाने एका सुरात म्हणण्याचे अनुवाचन या कामी टाळलेलेच बरे, कारण त्यात न वाचणारे मूल इतरांच्या आवाजामागे सहज लपते.

पुनर्वाचनाचा मोठा धोका पाठांतराचा आहे. चौथ्या वेळी मूल झरझर वाचू लागले तरी त्याची नजर कागदावर आहे की छतावर, हे पाहावे लागते. खात्री करायची तर उताऱ्याच्या वाक्यपट्ट्या कापून क्रम उलटापालटा करावा, किंवा मधूनच ‘विळा’ कुठे आहे ते दाखवायला सांगावे. पाठ झालेले मूल तो शब्द शोधण्यासाठी पहिल्या वाक्यापासून म्हणत येते. शुक्रवारी म्हणून जुन्याच शब्दांचा नवा उतारा द्यावा: ‘झाडाखाली विहीर’, ‘आजीजवळ पोपट’ अशी अदलाबदल केलेली पाच-सहा वाक्ये पुरेत. त्याच तासाला पाच शब्द ऐकून लिहायला सांगावेत, कारण वेलांटी आधी काढायची की नंतर, हे हाताला कळल्यावर ते डोळ्यालाही लवकर कळते.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत तेवढ्याच अवघड, पण पूर्वी न पाहिलेल्या ३० शब्दांच्या उताऱ्याचे वाचन ऐकावे. आठवड्याचे फलित मोजायचे ते याच वाचनावरून. गुरुवारच्या चौथ्या वाचनाची गती नोंदवहीत प्रगती म्हणून लिहिणे ही स्वतःची फसवणूक ठरते. ६० शब्दांचे उद्दिष्टही इथे मध्ये आणू नये. मिनिटाला १० शब्दांवरून १३ शब्दांवर येणे आणि वेलांटीच्या चार चुकांची एक होणे, हे पहिल्या आठवड्याचे चांगले काम मानावे. गती तीच राहून चुका घटल्या तरीही आखणी योग्य दिशेने आहे. चुका तेवढ्याच राहून गती वाढली, तर मात्र मूल अंदाजाने शब्द ठोकत आहे, असे समजून पुढच्या आठवड्यात घड्याळ बाजूला ठेवावे.

या आखणीला मर्यादा आहेत आणि त्या आधीच तपासून घ्याव्यात. सोमवारीच, मुलाचे वाचन ऐकून झाल्यावर, शिक्षकाने तोच उतारा स्वतः वाचून दाखवून ‘आजी कुठे बसली?’, ‘पाणी कोणी दिले?’ असे दोन-तीन प्रश्न विचारावेत. ऐकूनही उत्तरे येत नसतील, तर अडचण लिपीची नसून भाषेची असू शकते. घरी कोरकू, भिली, गोंडी किंवा बंजारा बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे लागते, आणि अशा मुलाला वेलांटीच्या सरावाआधी चित्रे, गोष्टी आणि भरपूर बोलणे यांची गरज असते. डोळे बारीक करून किंवा पुस्तक नाकाशी धरून वाचणाऱ्या मुलाची दृष्टी तपासून घ्यावी. सहा-आठ आठवडे रोज नियमित काम होऊनही न पाहिलेल्या उताऱ्यावरील चुका हलत नसतील, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी; २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात तिचा समावेश आहे. तिचे नाव शिक्षकाने स्वतःच्या अंदाजाने मुलाला चिकटवू नये.

वेलांटी बसली की दुसऱ्या आठवड्याचा विषय शनिवारच्या चुकांतून आपोआप निघतो. वरील विद्यार्थिनीच्या बाबतीत तो बहुधा अनुस्वार असेल, ‘पेंढी’, ‘भिंत’, ‘आंबा’, ‘रंग’ या शब्दांसह; जोडाक्षरे आणि रफार त्यानंतर, एकेक करून. नोंदवहीचे एक पान एका मुलासाठी ठेवावे आणि त्यावर तारीख, बरोबर शब्दांची संख्या, लागलेला वेळ आणि चुकलेले शब्द मुलाने उच्चारले तसेच लिहावेत, कारण ‘वहीर’ आणि ‘दले’ शेजारीशेजारी लिहिलेले दिसले की सोमवारी फळ्यावर काय लिहायचे ते वेगळे ठरवावे लागत नाही.