डोके कोणाचे दुखते?

पुसदच्या आमच्या भाचीने रजेच्या अर्जात लिहिले, ‘माय हेड इज पेनिंग.’ मनात ‘माझे डोके दुखतेय’ होते, तेच तिने उचलून ठेवले. घरातल्या उर्दूचाही उपयोग नाही. तिथेही ‘सर दुख रहा है’. आपल्या दोन्ही भाषांत डोके दुखते. इंग्रजीत आधी माणूस येतो आणि दुखणे त्याच्याजवळ असते : ‘आय हॅव अ हेडेक.’ ताप, सर्दी, खोकला तसेच. भूक मात्र जवळ नसते, माणूसच भुकेला होतो : ‘आय ॲम हंग्री.’ आता आम्ही तिला आधी ‘कोणाला?’ एवढेच विचारतो; ती ‘आय’पासून सुरू करते. पावसात अडते. तिथे माणूसच नाही, म्हणून ‘इट’ : ‘इट इज रेनिंग.’