बाजारपाहणीचे मोल किती?

सांगलीच्या बाजारात तीन पिढ्या हळदीचा घाऊक व्यापार करणारी एक पेढी आहे, अशी कल्पना करावी. घरातील धाकट्या मंडळींना आता स्वतःच्या नावाची हळद पूड पाकिटांतून विकावयाची आहे. माल चालला तर ५० लाख रुपये सुटतील. न चालला तर पाकिटे, जाहिरात आणि दुकानदारांकडून परत येणारा माल यांत ४० लाख बुडतील. थोरल्यांच्या अंदाजाने माल चालण्याचा संभव दहात सहा एवढा आहे. अशा वेळी एक संस्था नऊ लाख रुपयांत बाजारपाहणी करून देण्याचा प्रस्ताव ठेवते. तो स्वीकारावा काय?

हा प्रश्न हिशेबाने सोडविण्याची रीत हार्वर्डच्या व्यवसायशिक्षण संस्थेतील हॉवर्ड रायफा आणि रॉबर्ट श्लायफर यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. तिची पहिली पायरी विलक्षण सोपी आहे. भविष्य अचूक सांगणारा कोणी भेटलाच, तर त्याला जास्तीत जास्त किती द्यावे, एवढेच आधी काढावयाचे.

पाहणीवाचून पेढी आज माल काढील, कारण दहापैकी सहा वेळा ५० लाख आणि चार वेळा उणे ४० लाख यांची सरासरी १४ लाख नफा येते. अचूक सांगणारा भेटला तर ते सहा प्रसंग तसेच राहतील. उरलेल्या चार प्रसंगी मात्र तो आधीच थांबवील आणि नुकसान शून्यावर येईल. सरासरी ३० लाख होईल. ३० आणि १४ यांतील १६ लाखांचा फरक हेच परिपूर्ण माहितीचे अपेक्षित मूल्य होय. नीट पाहिले तर हा आकडा म्हणजे टळणारे ४० लाखांचे नुकसान गुणिले त्याचा दहात चार संभव, याहून वेगळे काही नाही.

नऊ लाख हे सोळा लाखांहून कमी आहेत. म्हणून धाकटे होकार देऊ लागतील. येथेच थांबावयास हवे. सोळा लाख ही कमाल मर्यादा आहे, वाजवी भाव नव्हे. त्याहून महाग पाहणी डोळे मिटून नाकारावी, एवढेच ती सांगते. स्वस्त पाहणी घ्यावीच, असे ती म्हणत नाही, कारण कोणतीही पाहणी अचूक नसते.

समजा, ही संस्था शंभरात ऐंशी वेळा बरोबर सांगते. शंभर प्रसंग घेतले तर माल चालणारे साठ. त्यांतील ४८ वेळा ती ‘काढा’ म्हणेल आणि बारा वेळा चुकून ‘थांबा’ म्हणेल. न चालणाऱ्या चाळीसांपैकी ३२ वेळा ती योग्य इशारा देईल, पण आठ वेळा खड्ड्यात घालील. तिचा शब्द पाळला तर ४८ वेळा ५० लाख मिळतील आणि आठ वेळा ४० लाख जातील. शंभर प्रसंगांवर वाटून घेतल्यास सरासरी २० लाख ८० हजार येते. पाहणीवाचूनचे १४ लाख वजा केले की उरतात सहा लाख ऐंशी हजार. नऊ लाखांचा सौदा तोट्याचा ठरला.

अचूकता शंभरात सत्तर असेल तर हेच मूल्य दोन लाख वीस हजारांवर घसरते. साठ असेल तर शून्य. साठ टक्के अचूक संस्थेने ‘थांबा’ म्हटले तरी ती बरोबर असण्याचा आणि चुकण्याचा संभव सारखाच उरतो. आणि नफा नुकसानीहून मोठा असल्याने पेढी तरीही माल काढणेच पसंत करील. ज्या उत्तराने निर्णय बदलत नाही, त्याला दमडीही देऊ नये. यंत्रांची ऑर्डर देऊन झाल्यावर आणि मुहूर्त ठरल्यावर मागविलेली पाहणी बहुधा याच जातीची असते.

तेव्हा संस्थेला विचारावयाचा खरा प्रश्न शुल्काचा नाही. तिने पूर्वी ‘चालेल’ म्हटलेले किती माल चालले आणि ‘चालणार नाही’ म्हटल्यावरही काढलेल्यांपैकी किती खरोखर पडले, हे विचारावे. ‘ही हळद घ्याल का?’ असे दारात विचारले की पुष्कळ गृहिणी सौजन्याने ‘हो’ म्हणतात. त्या होकाराला पदरचे पैसे लागत नाहीत. त्यामुळे ‘चालेल’ हे उत्तर फाजील वेळा येते आणि नेमका नुकसान टाळणारा इशाराच हरवतो.

थोरल्यांचा ‘दहात सहा’ हाही अंदाजच असतो. तो पाच धरला तर कमाल मर्यादा २० लाखांवर जाते, सात धरला तर १२ लाखांवर येते. म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे मांडून पाहावेत. मात्र ४० लाखांत फक्त अजून टाळता येण्याजोगे नुकसान धरावे; खर्च होऊन गेलेली रक्कम त्यात मिसळली की माहितीचे मोल उगाच फुगते.

या पेढीपुढे आणखी एक वाट आहे. मिरज आणि तासगाव येथील निवडक वीस दुकानांत तीन महिने रोख भावाने पाकिटे ठेवावीत. पहिल्या खरेदीपेक्षा तेच गिऱ्हाईक दुसरे पाकीट नेते का, हे पाहावे. या प्रयोगास तीन लाख लागले आणि त्याचा कौल शंभरात ऐंशी वेळा खरा ठरणारा असला, तर सहा लाख ऐंशी हजारांच्या मोलाची माहिती तीन लाखांत पडते. फक्त त्या तीन महिन्यांत नव्या हळदीच्या खरेदीचा हंगाम निघून जाणार असेल, तर त्या विलंबाची किंमतही याच तीन लाखांत मिळवावी लागेल.