नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणी : मागणीची मर्यादा आणि उमेदवाराची तयारी

‘सदर नेमणूक वैद्यकीय पात्रतेच्या अधीन राहील’ ही ओळ बहुतेक नेमणूकपत्रांत असते. बँकेतील सेवाकाळात अशी पत्रे माझ्या हातून पुष्कळ गेली. उमेदवार वेतनाचा आकडा दोनदा वाचतो, परंतु या ओळीवरून त्याची नजर घसरते. आपल्या घरांत हा विषय दोन्ही बाजूंनी येतो. मुलगा किंवा सून नोकरीस निघते, तेव्हा आपण उमेदवाराच्या बाजूस असतो. आपल्याच दुकानात, जिनिंगमध्ये वा डाळमिलमध्ये माणूस ठेवायचा झाला, की आपण मालक असतो.

मालकाने विचारण्याजोगा मूळ प्रश्न एकच आहे : हा माणूस हे विशिष्ट काम आज, स्वतःला व इतरांना धोका न होता करू शकेल काय? ज्या चाचणीने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तिची मागणी करण्याचे कारण उरत नाही.

ही मर्यादा न्यायालयांनी आखून दिली आहे. नीरा माथुर यांची आयुर्विमा महामंडळात निवड झाली, तेव्हा त्यांना एक घोषणापत्र भरावे लागले. त्यात मासिक पाळीच्या तारखा, गर्भधारणा, गर्भपात यांविषयीचे रकाने होते. नेमणुकीनंतर त्यांनी प्रसूतिरजा घेतली. त्यावरून घोषणापत्रातील पाळीची तारीख खरी नव्हती असे महामंडळाच्या लक्षात आले, आणि परिवीक्षेच्या काळातच त्यांना सेवेतून कमी केले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. 1991 साली न्यायालयाने त्यांना पुन्हा सेवेत घेण्यास सांगितले आणि ते रकानेच घोषणापत्रातून काढून टाकण्याची सूचना महामंडळास केली. असे प्रश्न स्त्रीच्या संकोचास व आत्मसन्मानास धक्का देणारे आहेत, असे न्यायालयाचे मत पडले.

दुसरे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातील, 1997 सालचे. एका सार्वजनिक उपक्रमात नैमित्तिक मजूर म्हणून काम करणाऱ्या इसमास तपासणीत एचआयव्हीची बाधा आढळली. एरवी तो कामास सक्षम होता, तरीही त्याचे काम बंद झाले. त्याचे नाव उघड होऊ नये म्हणून खटल्यात केवळ अक्षरांनी त्याचा उल्लेख ठेवला गेला. काम करण्याची क्षमता आहे आणि इतरांना धोका नाही, अशा माणसास केवळ बाधेच्या कारणाने काम नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे 2017 च्या कायद्याने नोकरीची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी घेण्यासच मनाई केली. तरीही काही मालक प्रयोगशाळेकडून ‘सर्व तपासण्यांचे पॅकेज’ मागवतात आणि त्यात ही चाचणीही येते. प्रयोगशाळेने यादीत घातली म्हणून मालकाची जबाबदारी टळत नाही.

उलट काही चाचण्या अगदी रास्त असतात. मिठाई, नमकीन वा इतर खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या नोकराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून प्रमाणपत्र ठेवणे अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंधनकारक केले आहे. त्यात शारीरिक तपासणी, डोळे, त्वचा, विषमज्वरासारख्या आजारांवरील लस, आणि गरज वाटल्यास संसर्गजन्य रोगाची चाचणी एवढे येते. अन्न हाताळणाऱ्याची त्वचा पाहण्यास कारण आहे. हिशेबनिसाची पाहण्यास नाही.

आपल्या जिल्ह्यात अधिक महत्त्वाची गोष्ट कापसाची आहे. हंगाम सुरू झाला की जिनिंगमध्ये माणसे भरली जातात आणि कोठून तरी ‘कामास योग्य’ असा एक कागद आणला जातो. कापसाच्या धुळीने कालांतराने बिसिनोसिस हा श्वसनाचा विकार जडू शकतो. सूतगिरणीत त्याचा धोका अधिक, पण धूळ जिनिंगमध्येही असते. त्याची खूण विलक्षण आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, आणि आरंभीच्या काळात तरी आठवडा सरता सरता ती मोकळी होते. अशा कामगाराचा एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो. म्हणून केवळ एक्स-रेवर भिस्त ठेवणे येथे चुकीचे ठरते. उपयोगी पडते ती नळीत जोराने फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे तीत मोजले जाते.

हीच चाचणी कामावर घेताना झालेली असेल, तर पुढे तुलना करता येते. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीपूर्वी व पाळीनंतर पुन्हा फुंकून घेतले आणि आकडा घसरला, तर धुळीचा परिणाम ओळखू येतो. बिसिनोसिस हा कायद्याने मान्य झालेला व्यवसायजन्य रोग आहे. त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवल्यास पहिली नोंद कामगाराच्या कामी येते. त्याचा विकार आधीपासूनचा असल्यास मालकाच्याही. वणीच्या कोळसा खाणींत भरतीच्या वेळी छातीची व फुफ्फुसांची तपासणी होते, तिचाही एक उपयोग हाच. मात्र फुंकण्याचा आकडा कमी आला म्हणून माणसास लगेच घरी पाठवू नये. फुंकण्याची पद्धत चुकली तरी आकडा कमी येतो, म्हणून किमान तीन नीट प्रयत्न घ्यावे लागतात.

आता उमेदवाराकडे वळू. समजा, यवतमाळच्या एका मुलास बँकेकडून तपासणीची तारीख आली आहे आणि ती नेमकी त्याच्या अठ्ठाईच्या सहाव्या दिवशी पडते. दीर्घ उपवासात लघवीत कीटोन दिसतात, रक्तातील यूरिक ॲसिड वाढते, आणि काहींच्या शरीरात बिलिरुबिनही वाढते. त्याचे कारण ठाऊक नसलेला डॉक्टर मधुमेह वा यकृताचा विकार शोधू लागेल. यावर उपाय सोपा आहे. पत्र मिळताच कार्यालयास लेखी विनंती करून तारीख पुढे घ्यावी, आणि पारण्यानंतर आहार पूर्ववत होऊन आठवडाभर लोटू द्यावा. तारीख बदलत नसेल, तर नमुना देण्यापूर्वीच उपवासाची बाब डॉक्टरांना सांगून कागदावर नोंदवून घ्यावी. साखरेच्या तपासणीपूर्वी रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास, काही न खाणे पुरते. पाणी वर्ज्य नसते. चौविहार पाळणाऱ्यांनी शक्यतो सकाळची उशिराची वेळ मागावी, म्हणजे सूर्योदयानंतर, नवकारशी झाली की, पाणी घेता येईल.

रक्तदाबाच्या बाबतीत पुष्कळ तरुण विनाकारण अडकतात. जिना चढून आल्याबरोबर दंडास पट्टा गुंडाळला, तर आकडा वाढणारच. तपासणीपूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीस जाऊन यावे, आणि पाय जमिनीस टेकवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. तरीही आकडा जास्त आला, तर पुन्हा मोजण्याची नम्रपणे विनंती करावी. घरी आठवडाभर सकाळ-सायंकाळ मोजून ठेवलेली नोंद अशा वेळी दाखवता येते.

काही गोष्टींना तयारीचा उपयोग नसतो. रंगांधळेपणा जन्मजात असतो आणि तो बहुधा आईकडून मुलाकडे येतो. रेल्वे, विमानोड्डाण किंवा विद्युत कामाकडे मुलाचा कल असेल, तर बारावीपूर्वीच नेत्रतज्ज्ञाकडून पाहून घ्यावे; पदवीनंतर कळण्यापेक्षा ते बरे.

राहिला घोषणापत्राचा प्रश्न. वरील मुलास लहानपणी दमा होता असे धरू. ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याचा सल्ला त्यास घरातूनच मिळेल. तो मानू नये. ‘बालपणी दमा, अमुक वर्षापासून औषध नाही’ असे लिहून सोबत डॉक्टरांचा अलीकडील दाखला जोडावा. बरा झालेला दमा टेबलावरच्या कामास क्वचितच आड येतो. लपविलेली गोष्ट मात्र पुढे उघड झाली, की आजाराऐवजी खोट्या माहितीवरून कारवाई होते. नीरा माथुर प्रकरणाचा आधार येथे घेता येणार नाही. तेथे प्रश्नच गैर होता. दम्याचा प्रश्न गैर नाही.

अपात्र ठरविल्यास कारण लेखी मागावे. ‘तात्पुरते अपात्र’ आणि ‘अपात्र’ यांत मोठा फरक आहे : पहिल्यात उपचार घेऊन पुन्हा तपासणीस जाता येते. शासकीय नेमणुकांत फेरतपासणीच्या अर्जाची मुदत पत्रातच दिलेली असते. ती मुदत निर्णयाच्या दिनांकापासून मोजायची की पत्र हाती पडल्यापासून, हे नीट वाचावे आणि टपालाचे पाकीट फेकू नये. त्यावरील शिक्क्याने पत्र केव्हा आले याचा पुरावा मिळतो.