उत्तराची घाई नाही

व्यापारी घरात संकटसमयी धावून जाण्याची रीत अंगवळणी पडलेली असते. कुणाचे दुकान बसले, कुणाची नोकरी गेली, की आपण निरोप धाडत बसत नाही, तडक त्याच्या घरी जातो. वडीलधारे धीर देतात, एखादा पैशाचे विचारतो, दुसरा आपल्या पेढीवर जागा देऊ करतो. घेणाऱ्यालाही त्यात संकोच वाटत नाही, कारण आज त्याची वेळ तर उद्या आपली, हा हिशेब दोघांनाही ठाऊक असतो. मात्र हीच रीत स्वीडनमधील मित्राच्या बाबतीत जशीच्या तशी वापरली, तर आपला सद्भाव त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तो कसा पोहोचवावा, हे एका प्रसंगाच्या आधारे पाहू.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा भोसरीस यंत्राचे सुटे भाग बनविण्याचा कारखाना आहे. त्यांचा माल गोथेनबर्गजवळच्या एका कंपनीस जातो. तेथील खरेदी विभागातील गृहस्थाशी या घरातील तरुणाचा नऊ वर्षांचा व्यवहार आणि त्यातून जडलेला स्नेह. गेल्या वसंतात त्या गृहस्थाचे चार ओळींचे पत्र आले : माझे पद रद्द झाले आहे, कारण ‘आर्बेट्सब्रिस्त’, यापुढे खरेदीचे काम अमुक सहकारी पाहील, सहकार्याबद्दल आभार. खाली त्याने आपला खासगी पत्ता दिला होता. तरुणाने लगोलग दीड पानी उत्तर लिहिले आणि पाठविण्यापूर्वी माझ्याकडे वाचावयास दिले. बँकेत आयुष्यभर पत्रांचे मसुदे तपासले, म्हणून हे काम माझ्याकडे आले असावे.

मसुद्यातील भावना खरी होती, परंतु प्रत्येक परिच्छेदाने समोरच्यावर काही ना काही ओझे टाकले होते. आरंभी ‘ही भयंकर बातमी ऐकून मोठा धक्का बसला’ असे होते. म्हणजे आता त्या गृहस्थानेच आपल्याला सावरावयाचे! पुढे ‘तुमच्यासारख्या माणसास काढणारी कंपनी कृतघ्न आहे’ असे वाक्य होते. मग पाठोपाठ प्रश्न : असे कसे झाले, भरपाई किती मिळाली, घराचे हप्ते कसे फेडणार? शेवटी, ‘आमच्या वडिलांच्या ओळखीने पुण्यात आठ दिवसांत जागा मिळवून देतो, लगेच कळवा.’

हे का चालत नाही, हे समजण्यासाठी प्रथम ‘आर्बेट्सब्रिस्त’ या शब्दाकडे पाहिले पाहिजे. त्याचा अर्थ ‘कामाची उणीव’. स्वीडनच्या १९८२ च्या नोकरी-संरक्षण कायद्यानुसार कायम कर्मचाऱ्यास दोनच प्रकारच्या कारणांनी काढता येते. एक, त्याच्या वर्तनातील वा कामातील गंभीर दोष, आणि दुसरे, ही कामाची उणीव. दुसऱ्या प्रकारात कुणाला आधी काढावयाचे याचा क्रम मुख्यतः सेवेच्या ज्येष्ठतेवर ठरतो. २०२२ पासून मालकास तीन माणसे त्या क्रमातून वगळण्याची मुभा आहे, तरी मूळ तत्त्व कायम आहे. तेव्हा त्या गृहस्थाने हा एक शब्द लिहून जे सांगावयाचे ते सांगून टाकले होते : माझा दोष नाही, आणि यावर चर्चा नको. ‘असे कसे झाले’ हा प्रश्न त्याचे दिलेले उत्तर न वाचल्यासारखा ठरतो. कंपनीला दूषण देणेही गैरसोयीचे, कारण त्याच कंपनीत त्याचे सहकारी अद्याप आहेत आणि तो स्वतःही कदाचित अजून तेथेच आहे.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे सहसा लक्षात येत नाही. स्वीडनमध्ये नोकरी गेल्याचे कळणे आणि पगार थांबणे यांत महिने जातात. कायद्याने सूचनेची किमान मुदत सेवेच्या वर्षांनुसार वाढते. दोन वर्षांपेक्षा कमी सेवेस एक महिना, आणि पुढे दर दोन वर्षांमागे एकेक महिना वाढत दहा वर्षांनंतर सहा महिने. या गृहस्थाची सेवा नऊ वर्षांची, म्हणजे किमान पाच महिने. त्या काळात पगार चालू राहतो, मग कामावर येण्यास सांगितलेले असो वा नसो. त्यानंतर ज्याने बेकारी निधीचे सभासदत्व घेतलेले असेल, त्यास अटींनुसार तेथून भत्ता मिळतो. खासगी कंपन्यांतील पगारी नोकरांसाठी मालक व कर्मचारी संघटनांच्या कराराने चालणारी साहाय्य-संस्थाही आहे. तेथे सल्लागार बसून पुढच्या नोकरीची आखणी करून देतो. याचा अर्थ त्यास दुःख नाही असा नव्हे. परंतु हप्त्यांची चिंता आपण पहिल्याच दिवशी त्याच्या दारात नेऊन ठेवण्याचे कारण नाही.

आता मदतीचा प्रश्न. स्वीडिश भाषेत ‘तक्सामहेत्स-स्कुल्ड’ असा एक शब्द आहे, कृतज्ञतेचे ऋण. त्यातील ‘स्कुल्ड’ म्हणजे कर्ज, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अपराध. ही गोष्ट आपल्या वाचकांस वेगळी समजावून सांगण्याची गरज नसावी. तेथील सामान्य माणसास न मागता मिळालेले मोठे साहाय्य सुखावह वाटत नाही. ते त्याच्या नावे पडलेली रक्कम वाटते, आणि ती कधी व कशी फेडावयाची हे न कळल्याने तो अस्वस्थ होतो. ‘पुण्यात जागा मिळवून देतो, लगेच कळवा’ या वाक्यात दोन ओझी आहेत : एक नाकारण्याचे, दुसरे तातडीने उत्तर देण्याचे. बरे, ज्याचे घर, मुलांची शाळा आणि विम्याची सारी व्यवस्था गोथेनबर्गास आहे, तो आठ दिवसांत पुण्यास कसा येणार?

मी त्या तरुणास एकच कसोटी सांगितली. संदेश वाचून झाल्यावर त्या माणसाच्या नावे काहीही येणे राहता कामा नये, उत्तराचेही नाही. मग आम्ही दोघांनी बसून मसुदा नव्याने केला. मूळ इंग्रजीत होता, त्याचा मराठी आशय असा :

‘हेय, (आणि पुढे नुसते पहिले नाव)
तुझे पत्र वाचले. वाईट वाटले.
तुझ्याबरोबर काम करणे सोपे होते. मापाविषयी शंका विचारली की त्याच दिवशी उत्तर येई, आणि चूक आमची असली तरी आवाज चढत नसे.
पुढे कुठे अर्ज करताना पुरवठादाराच्या बाजूने कुणाचे नाव द्यावेसे वाटले, तर माझे खुशाल दे.
उत्तराची घाई नाही.’

‘आदरणीय महोदय’ काढून टाकले, कारण १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वीडिश लोक लहानथोर सर्वांस एकेरीत आणि पहिल्या नावाने संबोधतात. इतकी वर्षे नावाने बोलणारा मित्र अचानक ‘महोदय’ म्हणू लागला, तर तो दूर सरकल्यासारखा वाटेल.

‘वाईट वाटले’ एवढेच का, असे तरुणाने विचारले. अशा वेळी स्वीडिश माणूस स्वतः जे म्हणतो ते ‘वा त्रोकित अत हेरा’. यातील ‘त्रोकित’ हा शब्द रटाळ व्याख्यानालाही लावतात आणि दुःखद बातमीलाही. तो मुद्दाम खालच्या पट्टीतला शब्द आहे. शोक व्यक्त करण्याचे भारदस्त शब्द त्यांच्याकडेही आहेत, पण ते मृत्यूसाठी राखून ठेवलेले. नोकरी गेल्यावर ते वापरले, तर त्या माणसास आपण मेल्यात जमा झालो की काय असे वाटावे.

तिसरी ओळ हा संदेशाचा गाभा होय. ‘तू फार थोर आहेस’ असे म्हटले तर स्वीडिश माणूस संकोचतो आणि त्यावर विश्वासही ठेवत नाही. स्वतःस इतरांहून वरचढ समजू नये, हा संस्कार तेथे खोल रुजलेला आहे. पण ‘त्याच दिवशी उत्तर येई’ ही घडलेली गोष्ट आहे, ती नाकारता येत नाही. ज्याच्या पदाची गरज उरली नाही असे कंपनीने नुकतेच लेखी कळविले आहे, त्याच्या कामाची नोंद दुसऱ्या कुणाच्या वहीत शिल्लक आहे, एवढे त्यास कळते.

चौथ्या ओळीतील मदत लहान आहे आणि तेथील रीतीस धरून आहे. स्वीडनमध्ये निवड पक्की करण्यापूर्वी नवा मालक उमेदवाराने दिलेल्या दोन-तीन व्यक्तींस फोन करून त्याच्याविषयी विचारतो. तेव्हा पुरवठादाराचे नाव त्यास खरोखर उपयोगी पडू शकते. हवे तर त्याने वापरावे, नको तर नकारही कळवावा लागत नाही.

संदेश त्याने दिलेल्या खासगी पत्त्यावरच गेला पाहिजे. कंपनीचा पत्ता दुसऱ्याच्या हाती गेलेला असू शकतो. व्यवसायाच्या सार्वजनिक संकेतस्थळावर तर, त्याने स्वतः जाहीर करण्यापूर्वी, सहानुभूतीचा एक शब्दही लिहू नये.

उत्तर तीन दिवसांनी आले, एका ओळीचे : ‘धन्यवाद, बरे वाटले. सगळे मार्गी लागेल.’ तरुण थोडा हिरमुसला. परंतु अशा ठिकाणी त्रोटक उत्तर म्हणजे थंडपणा नव्हे. संदेश योग्य वजनाचा होता याची ती पोच आहे. ‘मार्गी लागेल’ हे वाक्य त्याने म्हणावे हेच शोभते. तेच आपण म्हटले असते, तर पोकळ वाटले असते. त्यावर पुन्हा लांब पत्र पाठवू नये.

दुसरा संदेश चार-पाच आठवड्यांनी जावा, आणि त्यात ‘नोकरी मिळाली का’ हा प्रश्न नसावा. मिळाली असती तर त्याने कळविलेच असते, आणि नसेल तर तो नन्नाचा पाढा त्यास पुन्हा म्हणावा लागतो. या तरुणाने लिहिले : ‘सप्टेंबरात गोथेनबर्गास येत आहे. मंगळवारी दुपारी मोकळा आहे. कॉफीला भेटू या का?’ स्वीडिश लोक या कॉफीपानास ‘फीका’ म्हणतात. तासाभराची बैठक, ठरलेली वेळ, बहुधा ज्याचे बिल त्याने भरावे. येथेही कुणाच्या नावे काही राहत नाही. जुलैत मात्र उत्तराची अपेक्षा धरू नये. उन्हाळ्यात सलग चार आठवडे रजा हा तेथे कायद्याने दिलेला हक्क आहे. त्या दिवसांत भरतीही मंदावते आणि पत्रव्यवहारही.

या पद्धतीस मर्यादा आहे. मित्र एकटा राहणारा असेल, उन्हाळा सरल्यावरही त्याचा मागमूस नसेल, किंवा त्याच्या लिहिण्यात निराशेचा सूर असेल, तर संयम बाजूस ठेवावा. तेव्हा सरळ विचारावे : ‘रविवारी तुझ्या सकाळी दहा वाजता फोन करू का?’ आपण ‘काही लागले तर सांग’ असे म्हणतो, तेव्हा सांगण्याचे काम दुःखी माणसाकडेच जाते. दिवस आणि वेळ दिली, की त्यास केवळ ‘हो’ म्हणावयाचे उरते.