सात सह्यांवर युनियन टिकत नाही

‘सात जणांनी सही केली की युनियन झाली,’ हे वाक्य ऑफिसच्या चहाच्या टपरीवर तुम्हीही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच अनेकांचं गाडं अडतं.

नोंदणीच्या अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात, हे बरोबर. पण अर्जाच्या दिवशी त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा लहान असेल तेवढे सभासदही लागतात. 1926 च्या कायद्यात ही अट 2001 च्या दुरुस्तीने आली. औद्योगिक संबंध संहितेनेही ती कायम ठेवली आहे. समजा, तुमच्या कॉल सेंटरमध्ये 240 कामगार आहेत. मग 24 सभासद हवेत. दीड हजार असतील तर शंभर पुरे. आणि चाळीसच असतील तर दहा टक्के म्हणजे चारच होतात, पण सातच्या खाली जाता येत नाही.

आता खरी गोम. अर्ज दिल्यानंतर बातमी वरपर्यंत जाते आणि एकेकाला केबिनमध्ये बोलावणं सुरू होतं. नोंदणी होण्याआधी काही अर्जदारांनी अंग काढून घेतलं, तरी तेवढ्यावरून अर्ज रद्द होत नाही. मात्र निम्म्यापेक्षा जास्त जण गेले, तर हे संरक्षण संपतं. सातच सह्या असतील तर चार माघारी पुरतात. पंचवीस असतील तर बारा जण फुटले तरी तुम्ही उभे. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे: 24 जमले की धावत सुटू नका, चाळीस होईपर्यंत थांबा. शिवाय किमान सभासदसंख्या नोंदणीनंतरही कायम ठेवावी लागते, आणि नोकऱ्या बदलणाऱ्या आपल्या पिढीला हेच जड जातं.

नियमावली मात्र कुणाचीतरी कॉपी-पेस्ट करतात. वर्गणी किती, पैसा कशावर खर्च होणार, पदाधिकारी कसे निवडायचे आणि कसे काढायचे, सभासदांची यादी कुणाला पाहता येईल, हे सगळं तिच्यात असावंच लागतं. उद्या खजिनदाराशी वाजलं की हाच कागद कामी येतो. (वाजतंच, बरं का!)

नोंदणीनंतरचा उत्साह साधारण वर्षभर टिकतो. मग येतं वार्षिक विवरणपत्र. 31 डिसेंबरपर्यंतचा जमाखर्च, मालमत्ता, देणी, सगळं ऑडिट करून निबंधकाकडे द्यायचं. वर्षभरात पदाधिकारी बदलले असतील तर तेही कळवायचं. पावतीपुस्तक न ठेवता जीपेवर वर्गणी गोळा करणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण ते पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात पडलेले असतात. नोटीस येऊनही दुर्लक्ष केलं, तर नोंदणीच जाऊ शकते. म्हणून सह्या गोळा करायच्या दिवशीच हिशेब कोण लिहिणार ते ठरवा, आणि भाषण छान करणाऱ्याला ते काम देऊ नका.